सूर तुटतो, बोलणं नाही

पुंडलिकरावांचा कान हा हिंगणघाटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एखाद्या यंत्रासारखा वापरला जायचा, आणि यंत्रासारखंच कोणी त्याचं कौतुक करायचं नाही. मी तिथे ज्युनियर टेलिकॉम ऑफिसर म्हणून आले तेव्हा त्यांच्या नोकरीला एकतीस वर्षं झाली होती. लाईनमन म्हणून लागले, लाईनमनच राहिले. बोलायचे कमी. चार शब्दांचं काम असेल तर दोनांत उरकायचे.

त्यांची लाईन तपासायची पद्धत साऱ्या जिल्ह्यात त्यांचीच. खेड्यावरच्या फोनवरून ते एक्स्चेंजला फोन लावत आणि म्हणत, ‘सूर द्या.’ मग एक्स्चेंजमधल्या माणसाने ओठ मिटून एका दमात लांब गुणगुणायचं, दहा-बारा सेकंद, वर-खाली न करता. नंतर ते तसाच सूर परत देत. पहिल्या दिवशी मला लाजच वाटली. इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन आले आणि इथे भुंग्यासारखं काय करते आहे मी! पण त्या सरळ सुरात त्यांना सगळं ऐकू यायचं. जोडात पाणी शिरलंय, तारेला फांदी घासते आहे, पेटीतला स्क्रू ढिला आहे. बोलण्यात खरखर लपते, सपाट सुरात लपत नाही, एवढंच त्यांनी मला एकदा समजावलं होतं. आणि ते खरं होतं. तांब्याच्या तारेवर त्यांचा सूर कधी चुकलेला मी पाहिला नाही.

दोन हजार चार साली वडनेरच्या पलीकडच्या गावांना बिनतारी सेट आले. दिसायला टेबलावरचा साधा फोन, वर एक अँटेना, आणि तार फक्त विजेची. खांब नको, केबल नको, टॉवरची रेंज असली की झालं. त्या पट्ट्यातले सात सेट पुंडलिकरावांनी बसवले. मग तपासणीच्या फेरीत सातही जागी सूर घेतला, सूर दिला. आणि पुढच्या पंधरा दिवसांत सातही सेट ‘खराब’ म्हणून काढून आणले. सूर तुटून राह्यला, म्हणाले. दोन जागी बदली सेट लावून पाहिले, तेही तसेच. मी रिपोर्ट वाचले, खाली सही केली, सेट नागपूरला तपासणीला पाठवले.

त्या सातांतला एक सेट आरोग्य उपकेंद्रातला होता. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथेच आहेत. मंगळवारी तो काढला. शुक्रवारी दुपारी रीता नावाची एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला तिथे आली आणि अडली. उपकेंद्राच्या सिस्टर लीलाबाईंना गाडी बोलवायची होती, पण फोनच्या जागी भिंतीत नुसता प्लग होता. त्या हायवेपर्यंत सायकलने गेल्या, एका टेम्पोवाल्याला हातापाया पडून आणलं. रीता वाचली. बाळ वाचलं नाही. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आली असती तर.

आठवड्याने नागपूरहून सातही सेट परत आले. सोबत एका ओळीचा कागद होता: दोष आढळला नाही.

आता वर्ध्याच्या डिव्हिजन ऑफिसला उत्तर द्यायचं होतं की चांगला सेट काढलाच का. तिथले साहेब प्रभाकरराव. माणूस वाईट नव्हता, पण फाईल बंद करण्याची त्यांना फार घाई असायची. त्यांनी पुंडलिकरावांची सेवाग्रामच्या दवाखान्यात कानाची तपासणी करून घेतली. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला अगदी बारीक आवाज थोडे कमी ऐकू येतात, तेवढं त्यात निघालं. साहेबांना तेवढं पुरलं. त्यांनी एक निवेदन टाईप करून ठेवलं: माझी श्रवणशक्ती क्षीण झाल्यामुळे मी चांगले सेट खराब समजून काढले, तरी मला कामातून मुक्त करावे. गुरुवारी चार वाजता येऊन पुंडलिकरावांनी त्याखाली सही करायची. नाही केली तर मुद्दाम सेट काढल्याचा ठपका ठेवून चार्जशीट.

बुधवारी मी त्यांना म्हटलं, सही करू नका. ते एक्स्चेंजच्या पायरीवर बसून पक्कड पुसत होते.

“मॅडम, सात ठिकानी मले सूर तुटलेला आयकू आला,” ते म्हणाले. “नागपूरवाले म्हनतात सेट चांगले. मंग तुटलं ते काय? माहा कानच ना?”

ते पुढे जे म्हणाले ते त्यांनी पक्कडीकडे पाहतच म्हटलं. “कान गेला तं मी काय उरलो?”

मला त्यांचा नाही, माझाच राग आला. आणि राग आला की मला झोप लागत नाही, कामही सुचत नाही, फक्त हट्ट सुचतो. गुरुवारी सकाळी आठला ऑफिसला येऊन त्या सातांतला एक सेट मी माझ्या टेबलावर लावला आणि ठरवलं, आज याला बिघडताना पकडायचंच. सारे फोन त्यावरून केले. अकरा वाजेपर्यंत नऊ फोन झाले. प्रत्येक बोलणं स्वच्छ. सुधा, आमची टायपिस्ट, शेजारून म्हणाली की मॅडम, हा तर आपल्या टेबलावरच्या फोनपेक्षा चांगला चालतो. तिला बोलायला काय जातं.

साडेअकराला मी त्याच सेटवरून वर्ध्याला साहेबांना लावला. चारची वेळ दोन दिवस पुढे ढकला, एवढंच मागायचं होतं. त्यांच्या क्लार्कने ‘एक मिनिट होल्ड करा’ म्हटलं आणि होल्डची धून सुरू झाली. धून कसली, विहिरीत कोणी बासरी घेऊन बुडतंय असं वाटलं. दोन क्षण ऐकू यायची, मग गुळगुळ, मग नुसती हवा, मग मधूनच एक तुकडा. मी सेट कानापासून दूर धरला. सापडला, म्हटलं, बिघडला एकदाचा! तेवढ्यात क्लार्क परत आला आणि म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, चारला भेटतील. शब्द न् शब्द स्वच्छ.

मी फोन ठेवला आणि तसाच ताबडतोब टेबलावरच्या तारेच्या फोनवरून तोच नंबर लावला. क्लार्कला म्हटलं, बाबा रे, मला परत होल्डवर टाक. तो वैतागला, पण त्याने टाकलं. धून सरळ आली. जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी, पण अख्खी, कुठेही न तुटता.

तेव्हा मला ट्रेनिंगचं पुस्तक आठवलं. माझ्याच कपाटात होतं, निळ्या कव्हरचं, मी कधी न उघडलेलं. त्यात जे मिळालं ते साध्या भाषेत असं: तांब्याची तार आवाज जसा आला तसा नेते. बिनतारी सेट आवाज नेतच नाही. हवेत जागा थोडी, बोलणारे फार. म्हणून तो सेकंदाचे पन्नास तुकडे करतो आणि दर तुकड्याला ठरवतो की हे माणसाचं बोलणं आहे की मागची घरघर. बोलणं वाटलं तर तो गळ्याचा कंप किती, तोंडाचा आकार कसा, याचं मोजकं वर्णन पाठवतो, आणि पलीकडचं यंत्र त्यावरून तोच आवाज नव्याने घडवतं. घरघर वाटली तर आठव्या हिश्श्याएवढंच काहीतरी पाठवतो, पलीकडे हलकीशी हवा ऐकू येते, झालं.

आणि ओळखतो कसा? बोलणं चढतं, उतरतं, दोन शब्दांत थांबतं. त्या थांबण्यात तो मागचा आवाज मोजून ठेवतो. पंखा थांबत नाही, इंजिन थांबत नाही. जे सपाट आणि सलग चालू राहतं, ते त्याच्या लेखी पंखा. होल्डच्या धुनेत तर चार वाद्यं एकदम वाजतात आणि त्याच्याकडे साचा एकाच गळ्याचा, म्हणून ती गुळगुळते; आणि मधले लांबलेले सूर तो पंखा समजून दाबून टाकतो.

मी खुर्चीतून उठले. दहा-बारा सेकंद, वर-खाली न करता. पुंडलिकराव नेमकं तेच देत होते, आणि नेमकं तेच मागत होते.

सुधाला तारेच्या फोनवर बसवलं आणि मी सेट घेऊन मागच्या खोलीत गेले. ओठ मिटून सूर धरला. नंतर तिने सांगितलं की पहिले दोन-तीन सेकंद नीट आला, मग खाली बसला, मग गेला, मधे माझा दम हलला तेव्हा जरासा वर आला, परत गेला. मी एक ते वीस आकडे म्हटले. ते सगळे आले. दुसरा सेट लावला, तसंच. तिसरा, तसंच. सुधा म्हणाली, मॅडम, तुम्ही गात नका जाऊ. मी हसले, आणि हसता हसता थांबले. कारण त्या सातही फोनच्या वेळी एक्स्चेंजला सूर द्यायला मीच होते. सातही वेळा पुंडलिकराव सूर द्यायच्या आधी माझ्याशी बोलले होते, ‘मॅडम, आता मी देतो,’ आणि ते बोलणं मला लख्ख ऐकू आलं होतं. त्यानंतरचा सूर तुटलेलाही मीच ऐकला होता. दोन्ही माझ्या कानांनी ऐकून मी सही केली होती.

दीडची बस पकडली. पिशवीत सेट, त्याचा अडॅप्टर आणि निळं पुस्तक. शेजारी पुंडलिकराव, धुतलेल्या शर्टात, सही करायला निघालेले. मी त्यांना सांगायला सुरुवात केली, पण बसच्या खडखडाटात आणि माझ्या घाईत त्यांना फक्त एवढंच कळलं की मॅडमला काहीतरी सापडलंय. त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. मला वाटतं, त्यांनी मनातल्या मनात सही करून टाकली होती.

साहेबांनी पाच मिनिटं दिली. तोंडाने दिली, नजर घड्याळावरच होती. टाईप केलेला कागद काचेखालून काढून समोर ठेवलेला, त्यावर पेन. मी सेट बाहेरच्या खोलीत क्लार्कच्या टेबलावर लावला, रेंज आली, पुंडलिकरावांच्या हातात दिला आणि साहेबांच्या टेबलावरच्या तारेच्या फोनला नंबर लावला. साहेबांना म्हटलं, तुम्ही ऐका. पुंडलिकरावांनी डोळे मिटून सूर दिला, एकतीस वर्षं देत आले तसा.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. रिसीव्हर हलवून पाहिला. परत कानाला लावला.

“हा सेट खराब आहे,” ते म्हणाले.

त्यांचं वाक्य त्यांच्या त्यांनाच ऐकू जायला थोडा वेळ लागला. मग मी दारातून पुंडलिकरावांना म्हटलं की आता बोला, काहीही बोला. ते बावरले. बोलायचं म्हटलं की ते नेहमीच बावरत. शेवटी त्यांनी वडनेरच्या लाईनवरच्या खांबांचे नंबर म्हणायला सुरुवात केली. साहेब ऐकत राहिले. सगळे नंबर आले. मग मी साहेबांना सांगितलं की आता तुम्ही हळू आवाजात आकडे वाचा, आणि दार लावून घेतलं. साहेबांनी समोरच्या फाईलवरचे पंधरा आकडे जवळजवळ ओठांतल्या ओठांत वाचले. पुंडलिकरावांनी बाहेरून पंधराही परत सांगितले, एकही न चुकता.

पुस्तक मी उघडून पुढे ठेवलं. साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. मुळात इंजिनिअर माणूस, कळायला वेळ लागला नाही. म्हणाले, म्हणजे यांचा कान ठीक आहे, जे तुटत होतं ते तुटतच होतं. मी म्हटलं, हो, आणि सेटही ठीक आहे. तो बोलण्यासाठी बनवलाय, सुरासाठी नाही. त्यांनी टाईप केलेला कागद उचलला, आडवा फाडला, आणि टोपलीत टाकला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटलं.

मग साहेब म्हणाले, “ठीक. कान चांगला, सेट चांगला. मग उपकेंद्रातला फोन गेला कोणामुळे? मला एक नाव लिहावंच लागेल.”

खोलीत पंखा फिरत होता. पुंडलिकराव सेट दोन्ही हातांत धरून दारात येऊन उभे होते. त्यांच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. मनात आलं की गप्प बसावं. पद्धत त्यांची, सेट काढला त्यांनी, मी फक्त सही केली. सही तर सगळेच करतात. किती सोपं होतं ते, आणि मी किती वेळ गप्प होते कोणास ठाऊक. दोन सेकंद असतील. मला ते दोन सेकंद आजही आवडत नाहीत.

मी म्हटलं, माझं लिहा. नव्या सेटवर जुनी तपासणी चालणार नाही हे लाईनमनला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं, पुस्तक माझ्या कपाटात होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं. पुढे माझी वेतनवाढ थांबली, बदली झाली, त्याचं मला काही नाही.

पण पुंडलिकराव दारातच उभे होते. मी मघापासून जे जे बोलले होते ते त्यांना बसमध्ये नाही, इथे समजलं होतं. त्यांनी हातातल्या सेटकडे पाहिलं.

“म्हंजे मॅडम, लीलाबाईकडचा सेट चालू होता?”

“हो.”

“मी काढला तवा?”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी सेट टेबलावर ठेवला. अगदी हळू, दोन्ही हातांनी, आत कोणी झोपलंय अशा बेताने. आम्ही परतीची बस धरली. मी त्यांचा कान वाचवायला निघाले होते आणि वाचवलाही. पण वाचवून त्यांच्या हातात काय दिलं, ते हिंगणघाट येईपर्यंत मला नीट कळलं होतं. साहेबांच्या कागदावर त्यांनी सही केली असती तर ते एक बहिरं म्हातारं माणूस म्हणून घरी गेले असते. बहिऱ्याला कोणी दोष देत नाही. तो स्वतःही स्वतःला देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सेट मागितला. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला पाठवते. ते म्हणाले, नाई, मीच जातो. वडनेरची पहिली बस त्यांनी धरली.

मी एक्स्चेंजला फोनपाशी बसून राहिले. दहा वाजले, अकरा वाजले. सेट बसवायला अर्धा तास पुरतो. सुधा दोनदा चहाचं विचारून गेली, दोनदा मी तिच्यावर खेकसले. मला नाही नाही ते सुचत होतं. रीताचं सासर त्याच गावात, उपकेंद्रापासून चार घरांवर. गावात कोणी त्यांना ओळखलं असेल. कोणी काही म्हटलं असेल. कोणी हात उचलला असेल. लीलाबाईंना विचारावं तर फोन तोच, आणि तो अजून लागलेला नाही.

पावणेबाराला फोन वाजला.

“हॅलो. मॅडम, पुंडलिक बोलून राह्यलो. उपकेंद्रातून.”

मी म्हटलं, आवाज चांगला येतोय, आकडे म्हणा. त्यांनी एक ते वीस आकडे म्हटले, शाळेतल्या पोरासारखे, एकेक सुटा. मी म्हटलं, सगळे आले. वाटलं, आता ठेवतील. ठेवला नाही.

“रीताच्या घरी जाऊन आलो,” ते म्हणाले. “तिले सांगतलं का फोन चालू होता, मी काढला. तुमचं नाव नाई घेतलं.”

मी विचारलं, ती काय म्हणाली.

“काई नाई. आत गेली, पानी आनलं. मले पानी देल्लं तिनं, मॅडम.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ते अजून बोलत होते. एवढं सलग मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

“मॅडम, बहिरा निंघालो असतो तं बरं झालं असतं.”

एकही अक्षर तुटलं नाही. मग त्यांनी फोन ठेवला. रजिस्टर समोर होतं, तारीख आधीच घातलेली. मी गावाचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: सेट चालू, आवाज स्वच्छ. खाली सही केली.